साडेबारा हजार, पण कशावरून?

जुन्या लॅपटॉपचा व्यवहार हल्ली दुकानाच्या काउंटरवर सुरू होत नाही, फोनवर आलेल्या तीन-चार फोटोंपासून सुरू होतो. अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात नंबर लागलेला मुलगा असो, बेल्ह्याच्या कॉलेजात जाणारी मुलगी असो, की ओतूर-घोडेगावात ऑनलाइन फॉर्म भरून देणारा सेतूवाला असो, कुणीतरी पाठवलेले फोटो ते पुढे पाठवतात आणि खाली एकच ओळ असते: “दादा, पंधरा सांगतोय, किती द्यावेत?” जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात दुरुस्तीचं आणि खरेदी-विक्रीचं काम करणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ पाठ आहे. विचारणाऱ्याची समजूत अशी असते, की मॉडेल ओळखलं आणि वय काढलं की भाव आपोआप निघतो, जणू कुठेतरी तक्ता टांगलेला आहे. तसा तक्ता नाही आणि असू शकत नाही. मॉडेल आणि वय या दोन गोष्टींवरून कळतं ते एवढंच, की हे यंत्र कुठल्या रांगेत उभं करायचं. त्या रांगेतल्या धडधाकट यंत्राला आज काय मिळतं, हा पुढचा प्रश्न. आणि आपल्यासमोरचं यंत्र त्या धडधाकट यंत्रापेक्षा किती उणं आहे, हा त्याच्याही पुढचा. मूळ बिलावरून खाली उतरत आलेला भाव जवळपास नेहमी चुकतो, हे या कामातून माझं झालेलं पक्कं मत आहे.

मुद्दा हवेत राहू नये म्हणून एकच यंत्र घेऊ. एचपीचं एलिटबुक ८४० जी५. चंदेरी अंगाचा, चौदा इंची, कंपन्यांच्या कामासाठी बनवलेला हा लॅपटॉप पुण्याकडून आपल्या भागात भरपूर येतो, आणि तो येतो त्याला कारण आहे. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉप-डेस्कटॉपचं उपयुक्त आयुष्य तीन वर्षं धरलेलं आहे. कंपन्या बहुधा तीन वर्षांची वॉरंटीही घेतात. ती संपली की हिंजवडी-खराडीकडचे हे लॅपटॉप गठ्ठ्याने बाहेर पडतात, लिलावात जातात, साफसफाई होऊन पुण्याच्या दुकानांत लागतात आणि तिथून पुणे-नाशिक रस्त्याने मंचर, नारायणगाव, आळेफाट्यापर्यंत पोहोचतात. पहिल्या हाताच्या विद्यार्थ्याकडून दुसऱ्या हाताच्या विद्यार्थ्याकडे जाईपर्यंत त्याचे दोन-तीन मालक झालेले असतात. त्यामुळे ‘सिंगल ओनर’ हे शब्द या यंत्राबाबत कानाआड करावेत.

वय कसं काढायचं? तळाच्या लेबलवर दहा अक्षरी सिरीयल नंबर असतो. त्यातलं चौथं अक्षर वर्षाचा शेवटचा अंक सांगतं आणि पुढचे दोन आकडे आठवडा. नंबर 5CG841 असा सुरू होत असेल तर यंत्र आठ साल, एकेचाळिसावा आठवडा, म्हणजे ऑक्टोबर २०१८ चं. हे ‘आठ’ २००८ चं का नाही? कारण जी५ मालिकाच २०१८ ची आहे. मॉडेल आणि नंबर एकमेकांची साक्ष देतात ती अशी. पण इथेच एक खोच आहे. जुनी यंत्रं नवी करताना फुटलेलं तळाचं झाकण बदलतात आणि ते दुसऱ्याच यंत्राचं बसवतात. मग लेबल एक सांगतं आणि आत यंत्र दुसरंच असतं. म्हणून विकणाऱ्याला लॅपटॉप चालू करून पॉवरशेलमध्ये ही एक ओळ टाकायला सांगावी आणि पडद्याचा फोटो मागवावा:

```
Get-CimInstance Win32_BIOS
```

तिथे दिसणारा SerialNumber आणि तळाचा नंबर जुळला तर वयाचा प्रश्न मिटला. जुळला नाही म्हणजे लगेच चोरीचा माल असं नाही, पण यंत्र एकदा उघडून जुळवलेलं आहे एवढं नक्की, आणि त्याचा भाव त्या हिशेबाने बघायचा.

मॉडेल ओळखलं या समाधानात राहण्यातला सगळ्यात मोठा धोका मात्र वयात नाही, प्रोसेसरमध्ये आहे. हेच ८४० जी५ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आय५ सोबत आलं, तसं सातव्या पिढीच्या आय५ सोबतही आलं. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ. झाकण तेच, कीबोर्ड तोच, फोटोत रतीभर फरक नाही. पण मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी रेघ ओढली ती आठव्या पिढीवर. एखाददुसरा अपवाद सोडला तर सातवी पिढी बाहेर राहिली. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. म्हणजे एकाच नावाचे, एकाच वयाचे दोन लॅपटॉप. पैकी एकाला पुढे रस्ता आहे, दुसऱ्याला आडवाटेने विंडोज ११ घालायची किंवा लिनक्सवर यायचं. शिवाय सातव्या पिढीच्या या आय५ मध्ये दोन कोअर होते, आठवीत चार झाले, त्यामुळे कामातही फरक ठसठशीत जाणवतो. वय जर भाव ठरवत असतं तर या दोघांचा भाव एक असायला हवा होता. प्रत्यक्षात तो हजारोंनी वेगळा असतो. हाताशेजारच्या स्टिकरवर कोपऱ्यात बारीक अक्षरात पिढी लिहिलेली असते, पण स्टिकर काढून चिकटवता येतो. सिस्टीमच्या माहितीच्या पानावर i5-8350U की i5-7300U, तेवढंच मानायचं.

आता भावाकडे वळू. विकणाऱ्याचं पहिलं म्हणणं असतं, “नवा ऐंशी हजारांचा आहे.” ज्याने नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घातलाय त्याला या वाक्यातली अडचण समजावून सांगावी लागत नाही. वीस किलोच्या क्रेटला त्या सकाळी काय भाव फुटला ते मजुरी, मांडव, औषधं यांच्या खर्चावरून ठरत नाही; त्या सकाळी किती क्रेट आले आणि किती व्यापारी उभे होते त्यावरून ठरतं. तोच शेतकरी संध्याकाळी पोराचा लॅपटॉप विकताना मात्र बिलाचा आकडा धरून बसतो, ही गमतीची गोष्ट आहे. दुसरं म्हणणं जरा शिकलेलं असतं: घसारा लावा. आयकराच्या नियमांत संगणकाला चाळीस टक्के घसारा आहे, दरवर्षी उरलेल्या किमतीवर. ऐंशी हजारांवर सात वर्षं तो लावत गेलं तर हाती सुमारे २,२४० रुपये उरतात. चालू स्थितीतलं आठव्या पिढीचं एलिटबुक या भावात कुणी देत असेल तर त्याचे चारही फोटो पुन्हा नीट बघावेत. घसारा ही कर मोजण्याची सोय आहे; तिने यंत्राची प्रकृती तपासलेली नसते. बिल भाव वर ओढतं, घसारा खाली पाडतो, आणि दोन्ही चुकतात कारण दोन्ही मागे बघतात. घेणारा मात्र पुढची तीन वर्षं विकत घेत असतो.

म्हणून सुरुवात करायची ती पुण्यातल्या दुकानात तसंच यंत्र, सहा महिन्यांच्या वॉरंटीसह, आज कितीला मिळतंय तिथून. समजा आठव्या पिढीचा आय५, आठ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी असलेलं ८४० जी५ एकोणीस हजारांना मिळतंय. हा आणि पुढचे आकडे हिशेब दाखवण्यासाठी धरलेत. आपण विचारू त्या आठवड्याचा खरा आकडा त्यांच्या जागी घालायचा. दोन-तीन दुकानांना फोन करून ‘शेवटचं किती’ विचारलेला आकडा हवा, जाहिरातीवरचा नको. कारण जाहिराती वाचून भाव काढण्यात एक फसवी गोष्ट आहे. वाजवी भावाची जाहिरात दोन दिवसांत माल विकून खाली उतरते. अवाच्या सवा भावाची महिनोन्महिने तशीच लटकत राहते. त्यामुळे कुठल्याही दिवशी यादी उघडली की त्यात न विकल्या गेलेल्या भावांचीच गर्दी असते, आणि आपण तिची सरासरी काढतो.

एकोणीस हजारांतून पहिली वजावट दुकानाची. दुकानदार सहा महिने जबाबदारी घेतो, बिल देतो, जागेचं भाडं भरतो, आणि जुन्या मालाच्या जीएसटी नियमाप्रमाणे खरेदी-विक्रीतल्या फरकावर करही भरतो. मंचरच्या एसटी स्टँडवर भेटून पैसे हातात घेणारा विद्यार्थी यातलं काहीच करत नाही. या साऱ्याचे तीन हजार धरले तर खासगी व्यवहारात याच धडधाकट यंत्राचा भाव सोळा हजार. यावर आक्षेप येतो तो वाजवी आहे: मग नारायणगावच्या दुकानदाराने पुण्यापेक्षा पाचशे जास्त का घ्यावेत? कारण बिघाड झाला की पुण्याला जाण्यात एक दिवस आणि भाडं जातं, तेही पहिल्या फेरीत काम झालं तर. जवळच्या दुकानातून घेतलेल्या वस्तूला परत नेऊन टेकवण्याची सोय असते, आणि त्या सोयीला भाव आहे. ओळखीतल्या पण परगावच्या माणसाकडून घेतलेल्या लॅपटॉपला तो नाही.

मग आपल्या यंत्रातलं उणं. सगळ्यात मोठं उणं बॅटरीचं असतं, आणि ते फोटोत कधीच दिसत नाही. पडद्यावर ‘शंभर टक्के’ चार्ज दिसणं म्हणजे बॅटरी चांगली असणं नव्हे. लहान झालेलं मडकंही काठोकाठ भरतंच. त्यासाठी powercfg /batteryreport ही आज्ञा चालवून निघालेला अहवाल मागवावा. त्यात DESIGN CAPACITY म्हणजे कारखान्यातली क्षमता आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आजची. ८४० जी५ ची बॅटरी मुळात पन्नास वॉट-अवरची. आज सत्तावीस-साडेसत्तावीस दाखवत असेल तर ती पंचावन्न टक्क्यांवर आली. जिथे दिवसातून दोनदा लाइट जाते तिथे हा फरक पुण्यातल्या गिऱ्हाइकापेक्षा आपल्याला जास्त टोचतो. नवी बॅटरी तीन हजारांची धरू. मग तीन हजार वजा करायचे? इथे विकत घेणारे नेहमी घसरतात. सोळा हजारांच्या ज्या यंत्राशी आपण तुलना करतोय त्याचीही बॅटरी कोरी नसते. ती पाऊणशे-ऐंशी टक्क्यांची असते. वजा करायचा तो या दोन स्थितींतला फरक. दोन हजार रास्त आहेत. तीन हजार कापणारा माणूस जुन्याच्या भावात नवी बॅटरी मागतो आहे.

हाच न्याय पडद्याला उलट बाजूने लागतो. पांढरं पान उघडून काढलेल्या फोटोत कोपऱ्याजवळ फिकट डाग दिसतोय. पॅनेल बदलायचं तर साडेचार हजार. पण तेवढ्या डागासाठी पॅनेल कुणी बदलत नाही, त्याच्यासह वापरतात. म्हणून इथे दुरुस्तीचा खर्च लावायचा नाही. डागाकडे बघून दुसरं गिऱ्हाईक किती कमी देईल तेवढंच लावायचं, आठशे म्हणू. डागाऐवजी उभी रेघ असती तर गोष्ट वेगळी, कारण रेघ सहसा एकटी राहत नाही आणि पॅनेल बदलावंच लागतं; तिथे पूर्ण साडेचार हजार. चार्जर नकली आहे, सहाशे. कीबोर्डाच्या चकचकीत झालेल्या अक्षरांचं काहीच नाही, सात वर्षांच्या यंत्राची अक्षरं झिजणारच आणि सोळा हजारांत ती झीज आधीच मोजलेली आहे. भीमाशंकर-आहुप्याच्या बाजूने आलेल्या यंत्राचे स्क्रू मात्र निरखून पाहावेत. पावसाळाभर दमट घरात राहिलेल्या लॅपटॉपच्या स्क्रूंवर आणि पोर्टच्या आतल्या कडांवर तांबूस-हिरवट चढ दिसतो, आणि तो दिसला की मदरबोर्डाबद्दलची खात्री कमी होते. आपल्या यंत्रात तो नाही. सोळा हजारांतून दोन हजार, आठशे आणि सहाशे गेले, उरले १२,६००.

पण हा आकडा म्हणजे अजून भाव नव्हे, कारण फोटो जे दाखवत नाहीत त्याची किंमत लावायची राहिली. कंपन्यांतून आलेल्या लॅपटॉपला दोन आजार असतात. एक, बायॉसचा पासवर्ड, जो माहीत नसला की आतली कुठलीही सेटिंग बदलता येत नाही. दुसरा जास्त वाईट: यंत्र अजून कंपनीच्या नोंदीत असतं. वरवर सगळं सुरळीत चालतं, पण एक दिवस विंडोज नव्याने टाकली, इंटरनेट जोडलं, की पडद्यावर कंपनीचं नाव येतं आणि तिथल्या कर्मचाऱ्याचा लॉगइन मागितला जातो. मूळ कंपनीने नोंद काढल्याखेरीज यावर सरळ उपाय नाही. असं यंत्र सुट्या भागांच्या भावात जातं, म्हणजे रॅम, एसएसडी, पॅनेल मिळून पाचेक हजार. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव चढल्यापासून हा तळ थोडा वर आलाय, एवढंच समाधान. त्यामुळे नुसत्या फोटोंवर बोली करायची तर नऊ ते साडेबारा हजार असा ऐसपैस पल्ला सांगावा. विकणाऱ्याने नव्याने विंडोज टाकून, इंटरनेट जोडून, पहिल्या पानापासूनचा व्हिडिओ दाखवला तर पल्ला आवळून बारा ते तेरा होतो. हे तीन हजारांचं अंतर मालाच्या दोषाचं नाही, न दाखवलेल्या गोष्टींचं आहे, आणि अर्ध्या तासाच्या व्हिडिओने ते विकणाऱ्याच्याच खिशात परत जातं.

यावर काही जाणकार म्हणतात, की पल्लाच सांगायचा असेल तर फोटोवरून भाव सांगणं म्हणजे अंदाजपंचे. वस्तू हातात घेतल्याशिवाय बोलू नये. हातात घेणं उत्तमच. पण हातात घेतल्यावर तरी काय दिसतं? पासवर्ड दिसत नाही, बॅटरीची क्षमता दिसत नाही. बिजागरीचा ढिलेपणा, टचपॅडचा अडखळा, पंख्याचा घरघराट एवढंच हाताला-कानाला जास्त कळतं, आणि त्यांची किंमत पाचशे-हजारात बसते. मोठे पैसे ज्या गोष्टींत आहेत त्या सगळ्या पडद्याच्या फोटोत मावतात. एसएसडीची तब्येत घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम Power On Hours दाखवतो. जुन्या ट्रॅक्टरचा तासमीटर बघणाऱ्याला ही गोष्ट लगेच समजेल. लेबल सांगतं यंत्र कधी जन्मलं, तास सांगतात ते किती राबलं. मात्र मीटर बदललेला ट्रॅक्टर असतो तशी नंतर बसवलेली एसएसडीही असते, आणि काही एसएसडी झोपेतला वेळ मोजतच नाहीत, तेव्हा या आकड्यावर एकट्यावर भाव कापू नये.

उरला प्रश्न वरच्या टोकाचा: गिऱ्हाईक अडलेलं आहे, कॉलेज सुरू झालंय, विकणारा सोळा म्हणतोय, तर द्यावेत का? इथे नव्या लॅपटॉपकडे बघावं. पस्तीस हजारांचा साधा नवा लॅपटॉप सहा वर्षं चालला तर वर्षाला ५,८०० रुपयांच्या आसपास पडतो. आपल्या एलिटबुकात, नव्या बॅटरीसह, तीन वर्षं धरली तर साडेसतरा हजारांपर्यंत दोन्ही समान येतात. त्यातून बॅटरीचे तीन हजार गेले. साडेचौदाच्या वर एक रुपयाही देण्यात अर्थ नाही. सोळाला नाही म्हणावं. उलट, ‘नवा तो नवाच’ या समजुतीपोटी पहिल्या हाताचा, चार जीबी रॅम मदरबोर्डालाच जोडलेला, सेलेरॉन प्रोसेसरचा २०२२ चा लॅपटॉप चौदा हजारांना कुणी देत असेल, तर तो वयाने चार वर्षं लहान असूनही आपल्या २०१८ च्या यंत्रापुढे टिकत नाही. त्यात रॅम वाढवता येत नाही, आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात ती लागते.

तेव्हा फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती. बंद झाकणाचे चारही बाजूंनी काढलेले फोटो सावकाश पाठवा. आधी पाठवा तळाच्या लेबलचा. मग पॉवरशेलच्या त्या ओळीचा, प्रोसेसरच्या नावाचा, बॅटरीच्या अहवालाचा, आणि पांढऱ्या पानावर पूर्ण पडद्याचा. शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा, म्हणजे फोटो दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेले नाहीत हे कळेल. एवढं आलं की या यंत्राला साडेबारा हजार म्हणायला कुणालाच जड जाणार नाही.